न फवारता मेलेल्या डासांची बाजू

प्रति,
मा. संपादक महोदय,



पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस डासांनी कीटकनाशकाला किती दाद देणे सोडले आहे, या विषयावरचा आमचा शोधनिबंध आपण दोन परीक्षकांच्या अभिप्रायांसह परत पाठवलात, याबद्दल आभारी आहे. पहिल्या परीक्षकांनी निबंध छान असल्याचे तीन ओळींत कळवले असून संदर्भसूचीतला एक जादा स्वल्पविराम दाखवून दिला आहे. तो काढला आहे. दुसऱ्या परीक्षकांनी निबंध वाचला आहे. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबले.

त्यांची पहिली सूचना अशी की, चाचणीची पद्धत नीट लिहावी. लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संचातल्या प्लास्टिकच्या नळीत कीटकनाशक मुरवलेला कागद गुंडाळून बसवतात. आमच्या कागदावर डेल्टामेथ्रिन होते, प्रमाण 0.05 टक्के. एका नळीत पंचवीस माद्या सोडायच्या, अशा चार नळ्या. नळीवर लाल ठिपका असतो. बरोबर एक तास डासांनी त्या कागदावर बसायचे, मग फुंकर घालून त्यांना हिरव्या ठिपक्याच्या स्वच्छ नळीत ढकलायचे, साखरपाण्याचा बोळा द्यायचा आणि चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. शेजारी पिवळ्या ठिपक्याच्या दोन नळ्या असतात. त्यांत नुसते तेल लावलेला कागद, विष नाही. हे कंट्रोलचे डास. त्यांनी जगणे अपेक्षित असते.

मेला कोणाला म्हणायचे, यावरही परीक्षकांनी खुलासा मागितला आहे. नियम सोपा आहे. चोवीस तासांनंतर जो उडू शकतो तो जिवंत, मग त्याचा एकच पाय उरला असला तरी. जो उताणा पडून सहाही पाय हलवतो पण उडत नाही, तो मेलेला. आमच्या विभागात हा निकष डासांपुरताच वापरला जातो.

आता मुख्य आक्षेप. सौंसरच्या चाचणीत विषाच्या नळ्यांतले शंभरांपैकी 81 डास मेले. कंट्रोलच्या पन्नासांपैकी 12 मेले, म्हणजे 24 टक्के. परीक्षक लिहितात की, कंट्रोलमधले मरण 5 टक्क्यांच्या आत असेल तर काही करायचे नसते, 5 ते 20 असेल तर ॲबटच्या 1925 च्या सूत्राने आकडा दुरुस्त करायचा असतो आणि वीसच्या वर गेले की पूर्ण चाचणी टाकून द्यायची असते. सूत्र आम्हाला ठाऊक आहे. 81 मधून 24 वजा केले, 57 उरले. शंभरातून 24 वजा केले, 76 उरले. भागाकार 75 टक्के. आकडा निःशेष आला. ज्या सूत्रातून इतके स्वच्छ उत्तर निघते, ते वापरायचा आपल्याला अधिकारच नव्हता असे ऐकून वाईट वाटले.

शिवाय ते बारा डास कशाने मेले, हे आम्ही शोधून काढले आहे, ते टाकून कसे देणार? कंट्रोलचे डास त्या एका तासातच पटापट उताणे होऊ लागले, तर संशय विषावर घ्यायचा: नळ्यांची अदलाबदल झाली, किंवा साधा कागद विषारी कागदाच्या पिशवीत राहिला. आमच्याकडे तसे झाले नाही. तासभर सगळे ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकेक करून गेले. ऑक्टोबरचे ऊन होते, वीज गेली होती आणि कूलरमधले पाणी संपले होते. चाचणीला 27 अंशांच्या आसपास तापमान आणि पाऊणशे-ऐंशी टक्के आर्द्रता लागते. दोन्ही गोष्टी आम्ही निबंधात लिहिल्या आहेत. खोलीत त्या नव्हत्या, पण निबंधात खोलीबद्दल काही लिहिलेले नाही.

परीक्षकांचे म्हणणे असे की, उन्हाने कंट्रोलचे डास मेले तर विषाच्या नळ्यांतलेही काही उन्हानेच मेले असणार. जे विष पचवून जगले असते तेही मेलेल्यांत मोजले गेले आणि खरी प्रतिकारशक्ती झाकली गेली. हे मान्य. पण पुढच्याच परिच्छेदात ते आमच्या कागदांवर घसरतात. हे कागद मलेशियातल्या पेनांगच्या विद्यापीठातून येतात, थंड जागी ठेवावे लागतात आणि एक कागद सहापेक्षा जास्त वेळा वापरायचा नसतो, कारण प्रत्येक खेपेला त्यावरचे विष थोडे कमी होते. आमचे कागद त्याहून जास्त वेळा वापरले होते. ते कुठेही फाटलेले नव्हते. परीक्षकांच्या मते असल्या अशक्त कागदावर बसलेला साधा डासही वाचतो आणि आपण त्याला प्रतिकारक्षम समजून बसतो.

म्हणजे त्यांच्याच लेखणीने सिद्ध झाले की उन्हामुळे मरण वाढले आणि कागदामुळे ते घटले. एक चूक वर ओढते, दुसरी खाली. दोन्ही मिळून शून्य. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते, तेव्हा जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णेकर आणि दुसऱ्या काठावरून सावरगावकर दगड मारतात, हे आपणांस ठाऊक असेलच. दोन्हीकडचे दगड नदीच्या मध्यावर एकमेकांवर आपटून पाण्यात पडतात आणि कोणालाही लागत नाही, असे तत्त्वतः मानायला हरकत नाही. दरवर्षी शेकडो लोक जखमी कशाने होतात, हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

दोन्ही चुका सारख्याच आकाराच्या आहेत कशावरून, असे परीक्षक विचारतील. आम्ही त्यांतली एकही मोजलेली नाही. त्यामुळे त्या असमान असल्याचा कसलाही पुरावा उपलब्ध नाही.

कागद तपासण्याचा एक मार्ग त्यांनी सुचवला आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या विषाशिवाय वाढवलेले डास याच कागदावर बसवा. ते जवळजवळ सगळे मेले तर कागद चांगला, वाचू लागले तर कागद निकामी. युक्ती उत्तम आहे. पण तिच्यामुळे निकाल चाचणीच्या आधीच कळण्याचा धोका संभवतो. आणि ज्या डासांनी जन्मात गोठा पाहिला नाही, त्यांनी सौंसरच्या कागदाबद्दल मत द्यावे, हे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

गोठ्यावरून आठवले. डासांचे वय काय होते, असाही प्रश्न आहे. शिस्त अशी की अळ्या आणून, किंवा पकडलेल्या माद्यांची अंडी उबवून, पुढची पिढी वाढवायची आणि तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या घ्यायच्या. कारण म्हातारा डास विषाला लवकर बळी पडतो आणि पोटात रक्त असलेली मादी जास्त तग धरते. आम्ही पहाटे टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन गोठ्यातल्या भिंतींवरून डास उचलले. ही जात गुराढोरांवर पोसते आणि गोठ्यातच विसावते, त्यामुळे तिथे ती सहज मिळते. वय विचारायची सोय नव्हती. गोठ्याचे मालक मात्र म्हणाले, ‘‘सर, नेऊनच राहिले तं सगळेच घेऊन जा ना, निवडून काऊन राहिले?’’ हा निवडीतला पक्षपात टाळण्याचा सल्ला आम्हाला परीक्षकांच्या आधी मिळाला होता, याची नोंद घ्यावी.

पांढुर्ण्याच्या चाचणीबद्दल ‘पक्की’ हा एकच शब्द त्यांना खटकला आहे. तिथे 94 टक्के डास मेले. 98 ते 100 मेले तर डास विषाला बळी पडणारे आहेत, 90 च्या खाली मेले तर प्रतिकारशक्ती पक्की, आणि मधल्या पट्ट्यात असले तर नुसती शंका, जी आणखी शंभर डासांवर पुन्हा चाचणी करून फेडायची असते. आम्ही पुनर्चाचणीऐवजी पुनर्विचार केला. शक्यता आहे असे लिहिले तर निबंधाला शीर्षक उरत नव्हते. शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नाही ही विद्यापीठ अनुदान आयोगाची सक्ती 2022 मध्ये गेली, पण ही बातमी अजून आमच्या गाईड सरांपर्यंत पोचलेली नाही.

प्रतिकारशक्तीचे कारण आम्ही कपाशीवरची फवारणी असे दिले आहे. पुरावा काय, असे विचारले आहे. कपाशी दिसत होती. आता गंभीरपणे सांगायचे तर, शेतात वापरले जाणारे सायपरमेथ्रिन आणि भिंतींवर मारले जाणारे डेल्टामेथ्रिन ही एकाच घराण्यातली विषे. दोन्ही डासाच्या मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या त्याच दारावर घाव घालतात, ज्यावर डीडीटी घालायचे. डीडीटीची फवारणी देशभर 1953 पासून सुरू झाली आणि त्या दाराची ठेवण बदललेला डास तेव्हापासून निवडला जात आला असेल, तर त्याला नव्या विषाशी वेगळी ओळख करून घ्यावी लागत नाही. तेव्हा दोष कपाशीचा की जुन्या फवारणीचा, हे त्या दारातला 1014 क्रमांकाचा दुवा तपासूनही सांगता येत नाही. बदल झाला आहे एवढेच त्यातून कळते, कोणामुळे ते नाही. परीक्षकांनी कपाशी कमी असलेल्या गावांतले डास तुलनेला घ्या, असे म्हटले आहे. तशी गावे डोंगराकडे आहेत आणि तिथला रस्ता चांगला नाही, म्हणून आम्ही कपाशीवर ठाम आहोत.

क्युलिसिफेसिस ही एक जात नसून ए, बी, सी, डी, ई अशा पाच जुळ्या जाती आहेत आणि त्यांतली बी हिवताप पसरवण्यात फारशी उपयोगी नाही, तेव्हा आम्ही नेमकी कोणती मोजली, या प्रश्नाचे उत्तर पाचही असे सुधारून लिहिले आहे. डोळ्यांनी त्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे एखादी वगळल्याचा आरोप आमच्यावर करता येणार नाही.

शेवटची सूचना मात्र मान्य करता येत नाही. एका गोठ्यातल्या शंभर डासांवरून, तेही कंट्रोल कोलमडलेल्या चाचणीवरून, जिल्हाभरातले कीटकनाशक बदलण्याची शिफारस गाळावी, असे ते म्हणतात. जुने औषध चालत असताना बदलले तर महागडे औषध फुकट झिजते, आणि चालत नसताना ठेवले तर भिंती नुसत्या पांढऱ्या होतात, हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. पण शिफारशीची प्रत संबंधित कार्यालयात निबंधाच्या आधीच दिलेली आहे. आपण निबंध नाकारला तरी ती मागे घेणे शक्य नाही, कारण आवक वहीत तिला क्रमांक पडला आहे.

कळावे,
आपला नम्र,
संशोधक छात्र