यादीकार

एम.ए.च्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण सगळे साधारण सारखंच लिहितात. तिसऱ्यात प्रश्नावली आणि नमुना निवड, तिथे कोणाला स्वभाव दाखवायला वावच नसतो. माणूस कळतो तो दुसऱ्या प्रकरणात, 'पूर्वसाहित्याचा आढावा' या मथळ्याखाली. यादीकार ही जमात मी तिथेच ओळखायला शिकले.

यादीकार आळशी नसतो, हे आधी सांगते, कारण त्याच्याबद्दल तसा गैरसमज फार आहे. ग्रंथालय उघडायच्या आधी तो दाराशी उभा असतो. शोधगंगेवरून उतरवलेल्या फायली फोल्डरमध्ये, फोल्डर पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात आणि शिवाय एक प्रत मित्राच्या ईमेलवर, असा त्याचा बंदोबस्त असतो. विषय बहुधा 'बचत गट आणि महिला सक्षमीकरण: अमुक तालुक्याचा अभ्यास'. (हा विषय उद्या कोणी काढून घेतला तर महाराष्ट्रातले निम्मे गाईड रिकामे बसतील. त्यात मीही आले.)

तर असा यादीकार प्रकरण आणून देतो. त्यात 32 परिच्छेद असतात, दर परिच्छेदात एक लेखक, आणि दर परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने. क्रियापदं चारच: म्हणतात, मांडतात, नमूद करतात, प्रतिपादन करतात. ती रांगेने येतात आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वर 'आंतरराष्ट्रीय', 'राष्ट्रीय' आणि 'राज्य पातळीवरील' अशी उपशीर्षकं. कोण कुठून आलं ते कळतं. कोण काय म्हणून आलं ते शेवटपर्यंत कळत नाही. लग्नात माइकवरून आहेर वाचून दाखवतात ना, अगदी तसं. अमुक यांजकडून स्टीलचा डबा, तमुक यांजकडून 501 रुपये. सगळ्यांचे आभार, कोणाचा कोणाशी संबंध नाही.

प्रकरण यादी आहे की आढावा, हे ओळखायला मी एक सोपी चाचणी करते. परिच्छेद सात आणि परिच्छेद एकवीस यांची अदलाबदल करायची. कुठे काही मोडलं, एखादं वाक्य अधांतरी लटकलं, तर तो आढावा. काहीच बिघडलं नाही, तर यादी. यादीकाराचं प्रकरण पत्त्यांसारखं पिसलं तरी त्याला इजा होत नाही.

आता अभिप्राय. आमच्या पेशातले बहुतेक लोक समासात 'चिकित्सा कमी आहे' असं लिहून सही करतात. हा अभिप्राय खरा असतो आणि निरुपयोगीही. कारण 'कमी आहे' एवढंच यादीकाराला वाचता येतं. तो आठ दिवसांनी परत येतो तेव्हा 32 चे 47 झालेले असतात. मग आपण लिहावं, 'परिच्छेद एकमेकांशी जोडा.' तो जोडतो. परिच्छेदांच्या सांध्यांवर 'त्याचप्रमाणे', 'तर दुसरीकडे' आणि 'याउलट' हे शब्द येऊन बसतात. एकदा 'याउलट'च्या अलीकडे आणि पलीकडे तंतोतंत एकच निष्कर्ष होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सलग तीनदा 'त्याचप्रमाणे' झालं होतं."

त्याची खरी अडचण मला त्याच्या एका उत्तरातून उमगली. प्रकरणाच्या चौदाव्या पानावर ॲन मेरी गोएट्झ आणि रीना सेनगुप्ता होत्या. एकोणिसाव्यावर सय्यद हाशेमी, सिडनी शुलर आणि ॲन रायली. दोन्ही लेख 1996 चे, दोन्ही 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या एकाच नियतकालिकातले, दोन्ही बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना मिळणाऱ्या कर्जावर. गोएट्झ-सेनगुप्ता सांगतात की कर्ज बाईच्या नावावर असलं तरी साधारण 63 टक्के प्रकरणांत त्या पैशावर तिचा ताबा अर्धवट, नावापुरता किंवा अजिबात नाही. पैसा घरातले पुरुष वापरतात. हाशेमी आणि मंडळी सांगतात की कर्ज योजनेत आलेल्या बायका अधिक सक्षम झाल्या.

मी विचारलं, "या दोघांचं पटतं का रे?"

"कुणाचं, मॅडम?"

"चौदाव्या पानाचं आणि एकोणिसाव्याचं."

त्याने दोन्ही पानं उघडली, वाचली, मिटली. मग खाली बघत म्हणाला, "मॅडम, दोघंही मोठे आहेत."

म्हणजे वाचन त्याने केलेलं होतं, विरोधही त्याच्या लक्षात आला असावा. पण मोठ्यांच्या वादात लहानांनी तोंड घालू नये, हे घरी शिकवलेलं, शाळेत घोटलेलं, आणि खरं सांगायचं तर वर्गात आम्हीही पसंत केलेलं. म्हणून तो लेखकांना समोरासमोर येऊच देत नाही. पाच पानांचं अंतर ठेवतो, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

अशा माणसाला 'चिकित्सक व्हा' म्हणून काही होत नाही. त्याला कागद आणि पट्टी द्यावी. मी फूलस्केपवर रकाने आखायला लावले. आडव्या ओळीत एकेक लेख. उभे रकाने चार: योजना कोणती, माहिती कोणाकडून आणि कशी घेतली, 'सक्षमीकरण' म्हणून नेमकं काय मोजलं, काय सापडलं. यादीकाराला कोष्टक आवडतंच, त्याने दोन दिवसांत रंगीत पेनांनी भरून आणलं. आणि आडवं वाचायला लागला. गोएट्झ, पहिला रकाना, दुसरा रकाना... म्हणजे पुन्हा आहेर. मी लेखकांच्या नावांवर वही ठेवली आणि म्हटलं, "आता तिसरा रकाना वरून खाली वाच."

तो वाचत गेला. गोएट्झ-सेनगुप्तांच्या घरात लिहिलं होतं: कर्जाचा पैसा कोणाच्या हाती. हाशेमींच्या घरात आठ गोष्टी होत्या: बाई एकटी कुठवर जाते, लहान खरेदी स्वतः करते का, मोठी करते का, घरच्या निर्णयात तिला विचारतात का, स्वतःची काही शिल्लक आहे का, घरात तिच्यावर दडपण किती, कायद्याची आणि राजकारणाची माहिती किती, एखाद्या निषेधात उतरते का. तो थांबला. "मॅडम, हे भांडत नाहीयेत. एक जण कर्ज कसं वापरलं ते बघतोय आणि दुसरा शेवटी काय बदललं ते."

बरोबर. आणि गंमत अशी, की हे नायला कबीर यांनी 2001 मध्येच त्याच नियतकालिकात लिहिलं होतं: नकारात्मक निष्कर्ष काढणारे कर्जाच्या वापराची प्रक्रिया बघतात, सकारात्मक निष्कर्ष काढणारे परिणाम बघतात, आणि घरातली सत्ता म्हणजे काय याबद्दल दोघांची समजूतच वेगळी आहे. कबीर यांनी स्वतः कर्ज घेतलेल्या बायकांनाच बोलतं केलं. हा लेख यादीकाराच्या प्रकरणात होता, तेविसावा. त्याखाली लिहिलं होतं, 'कबीर (2001) यांनी कर्जविषयक वादांचा अभ्यास केला असून त्यांचे मत महत्त्वाचे आहे.' घराची किल्ली त्याच्याच यादीत होती आणि तिला त्याने तेविसावा नंबर दिला होता.

मग दुसरा रकाना. सभासद बायकांची तुलना इतर बायकांशी केली, तर एक शंका राहतेच: गटात येणारी बाई मुळातच धीट असेल तर? अभ्यासक आकडेमोडीने ती शंका कमी करतात, पुरती जात नाही. हैदराबादेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 104 वस्त्या घेतल्या, त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने निवडल्या आणि तिथे आधी कर्जसंस्था नेली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बायकांच्या घरातल्या अधिकारात म्हणावा असा फरक दिसला नाही. यादीकार आनंदला. "म्हणजे हाशेमी चुकले!" इतकी वर्षं सगळ्यांना नमस्कार करणारा मुलगा एकदम कोणाला तरी पाडायला निघाला, हेही या जमातीचं लक्षण. मी पहिला रकाना दाखवला. हैदराबादेत शहरी वस्त्या आणि बाहेरून आलेली कर्जसंस्था. बांगलादेशात खेडी. आणि त्याच्या तालुक्यातला बचत गट आधी स्वतःची बचत जमवतो, त्यातून आपसांत कर्ज देतो, बँक नंतर येते. नाबार्डने 1992 मध्ये सुरू केलेली जोडणी त्या पद्धतीची आहे. इथे बाई पैसा मागते ती शेजारणीकडे, आणि त्यातला थोडा तिचाच असतो. तेव्हा हैदराबादचा निष्कर्ष तालुक्यात जसाच्या तसा लावता येत नाही, बांगलादेशचाही नाही.

पुढच्या खेपेला त्याने जो परिच्छेद आणला त्याचं पहिलं वाक्य असं होतं: 'कर्जामुळे स्त्रिया सक्षम होतात का, या प्रश्नाची उत्तरे परस्परविरोधी दिसतात, कारण काही अभ्यास पैशावरील ताबा मोजतात आणि काही आयुष्यातील बदल.' लेखकांची नावं कंसात, वाक्याच्या शेपटाला. वाक्याचा कर्ता पहिल्यांदाच एक म्हणणं होतं, माणूस नव्हता. पाच लेख एका परिच्छेदात मावले. 47 मधले जवळजवळ निम्मे रकान्यांत काही नवं भरत नव्हते, म्हणून गळाले. त्याला फार वाईट वाटलं. "वाचलेत हो मी ते," असं दोनदा म्हणाला.

यातून आणखी एक सुटलं. प्रकरणाच्या शेवटी 'संशोधनातील उणीव' लिहायची असते आणि यादीकाराची उणीव ठरलेली असते: 'या तालुक्यात असा अभ्यास आजवर झालेला नाही.' खरंच झालेला नसतो. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, तेव्हा उणिवांचा साठा भरपूर आहे. पण तालुका हे कारण नव्हे. कोष्टकात रिकामं राहिलेलं घर हे कारण. निदान त्याने वाचलेल्या लेखांत तरी बचत गटातल्या त्याच बायकांबाबत ताबा आणि बदल दोन्ही मोजून, पैसा नवऱ्याने वापरला तरी बाईचं घरातलं वजन वाढतं का, हे कोणी तपासलं नव्हतं. त्याने तेच घेतलं. प्रश्नावलीत दोन प्रश्न वाढले आणि आठ निघून गेले.

म्हणून गाईड मंडळींना एक विनंती. समासात 'चिकित्सा कमी' लिहिण्याआधी प्रकरणातले दोन लेख निवडा, ज्यांचं पटत नाही असे, आणि विद्यार्थ्याला एवढंच विचारा की का पटत नाही. दोन लेखांचं उत्तर आलं की बाकीचे रकान्यात आपोआप येतात. आणि ऋणनिर्देशाच्या पानाला मात्र हात लावू नका. तिथे यादीच लागते, आणि ती यादीकारासारखी कोणालाच जमत नाही.