गाडी लेट, अर्ज वेळेवर

रेल्वेचा एक नियम मला फार आवडतो. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर भाड्याचे सगळे पैसे परत. कन्फर्म तिकीट असलं तरी काटछाट नाही. अट एवढीच की तसा अर्ज गाडी प्रत्यक्षात सुटण्याआधी करायचा. म्हणजे उशीर रेल्वेने करायचा आणि वेळ तुम्ही पाळायची.

समजा, कुडाळहून मुंबईला रात्री दहाची गाडी आहे. ऑनलाइन काढलेली थ्री एसीची चार कन्फर्म तिकिटं, हिशेबाला सोपं जावं म्हणून भाडं माणशी हजार धरू. दिवस पावसाचे. सकाळी अकरालाच फॅमिली ग्रुपवर बातमी येते, की मुंबईहून यायचा रेक अजून निघालेलाच नाही. प्रत्येक घरात एक तडफदार काका असतात. ते ‘‘आज काय जात नाय आपण’’ म्हणतात आणि तिकीट रद्द करून मोकळे होतात. पण रेल्वेच्या लेखी त्या घडीला गाडी अगदी वेळेवर आहे. सुटायला अकरा तास उरलेत, आणि इतक्या उशिरा कन्फर्म तिकीट रद्द केलं की निम्मं भाडं कापलं जातं. दोन हजार गेले. मग रात्री गाडी पाच तास लेट आली तरी काकांना ते मागता येत नाहीत, कारण तिकीट त्यांनी स्वखुशीने रद्द केलेलं असतं.

अशा वेळी खरं तर काहीच करायचं नसतं, आणि काकांना नेमकं तेच जमत नाही. गाडी पूर्णच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. ती नुसती रखडली, तर रात्रीचा एक वाजू द्यायचा. मग आयआरसीटीसीच्या खात्यात My Transactions मध्ये जाऊन File TDR उघडायचं आणि कारणांच्या यादीतून गाडी तीन तासांहून जास्त लेट व प्रवास केला नाही, हे निवडायचं. खिडकीवर काढलेलं तिकीट असेल तर हे सोपस्कार खिडकीवरच, पण तेही गाडी सुटायच्या आत. ‘‘झोपतो आता, सकाळी बघू’’ म्हणणाऱ्याला सकाळी बघण्यासारखं काही उरत नाही.

घाईही करून चालत नाही. अ‍ॅपवर सव्वातीन तास लेट दिसलं म्हणून कोणी बाराच्या सुमारास अर्ज ठोकून घरी निघून गेला, आणि गाडीला मध्येच हुरूप येऊन ती बारा पंचावन्नला कुडाळात हजर झाली, तर तो उशीर तीन तासांचा नाहीच. दिवसभर रखडणाऱ्या गाडीला वेग नेमका अशाच वेळी सुचतो. म्हणून एक वाजल्यानंतर आणि गाडी हलण्याआधी, एवढीच काय ती फट. ती कधी दोन तासांची असते, कधी गाडी फलाटावर थांबते तेवढ्या दोन मिनिटांची. त्यात चौघांचं एकमत व्हायला हवं, मोबाइलला रेंज हवी आणि पासवर्ड आठवायला हवा.

तत्काळवाल्यांसाठी आणखी एक पाचर आहे. एरवी कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं की छदामही मिळत नाही. तीन तासांच्या उशिराचा आधार मात्र त्यांनाही आहे. पण आपल्याकडे कोटा मिळावा म्हणून तिकीट मडगावहून काढायचं आणि चढायचं कुडाळला, ही जुनी युक्ती. अशा तत्काळ तिकिटाला उशीर मोजतात तो मडगावचा. मडगावहून अडीच तास लेट निघालेली गाडी पुढे एखाद्या सिग्नलला अडली आणि कुडाळला साडेतीन तास लेट पोचली, तर तुमच्यासमोर फलाटावर घडलेला उशीर कागदावर घडलेलाच नाही.

सगळं जुळून आलं, तरी पैसे लगेच येत नाहीत. टीडीआर हा नुसता अर्ज. तो संबंधित विभागीय रेल्वेकडे जातो. तिथे गाडीची खरी वेळ पाहतात आणि तुमच्या बर्थवर तपासनिसाने काय नोंद केली तेही पाहतात. महिना-दोन महिने सहज जातात. म्हणून अर्जाचा स्क्रीनशॉट काढावा, गाडीची वेळ दाखवणाऱ्या पानाचाही काढावा, कारण अर्ज फेटाळला गेला तर भांडायला हाताशी तेवढंच असतं. मंजूर झाला, तर चार हजार येतील. बुकिंगच्या वेळी घेतलेलं वीस-तीस रुपयांचं सुविधा शुल्क मात्र परत मिळत नाही. रात्री दीड वाजता कुडाळच्या फलाटावरून बॅगा उचलून घरी जाण्याची सुविधा त्यातच धरलेली असावी.