आहेराची रुजवात

मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असे आम्ही ठळक अक्षरांत छापले होते, आणि मांडवाच्या तोंडाशी टेबल, वही व पेन देऊन बटूच्या मामाला बसवण्याची तजवीजही आम्हीच केली होती. यावरून छापील मजकुरावर आमच्या कुटुंबाची श्रद्धा कितपत आहे, हे सुज्ञांनी ओळखावे. समारंभानंतर ती वही आजोळी गेली आणि तिच्या पानांची छायाचित्रे तेवढी माझ्या फोनवर आली. कोणी काय दिले, त्यांचे नाते काय आणि त्यांना आभार पोचले की नाही, याचा संगणकावर तक्ता करण्याचे फर्मान घरातून सुटले.

व्हॉट्सॲपवरून आलेली चित्रे वाटेत इतकी आक्रसली होती की अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या. तीच पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली तेव्हा त्या मुंग्यांना पाय फुटले. तथापि, डाव्या पानावरचा रकमेचा रकाना नेमका शिवणीच्या घडीत शिरलेला असल्यामुळे वही दाबून धरून ती पाने पुन्हा टिपावी लागली, आणि त्या नव्या चित्रांत सासूबाईंचा अंगठा कायमचा दाखल झाला.

मामाची वही म्हणजे शुद्ध कीर्द. जो इसम ज्या क्रमाने आला, त्या क्रमाने नोंदला गेला. आभार मात्र खतावणीवरून मानायचे असतात, कारण यजमानांचे पाकीट दुसऱ्या पानावर आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी आणलेले तांब्या-भांडे सहाव्या पानावर असले, तरी त्या घरी दोन पत्रे धाडणे शोभत नाही. शिवाय ‘ह.’ या अक्षराचा मान वेगळाच, ‘जोशीकाका, ह. बंडू’ या नोंदीत रक्कम काकांची आणि जेवण बंडूचे, म्हणून आभार काकांना व उल्लेख बंडूचा, असा न्याय मी ठरवला.

खरा घोळ नात्यांचा. मामाने ‘आत्या’ लिहिले ते स्वतःच्या दृष्टीने; म्हणजे ती माझ्या पत्नीची आत्या आणि बटूची आजी. बटूची आत्या म्हणजे माझी सख्खी बहीण, आणि तिला ‘पूज्य आजीस’ अशी सुरुवात असलेले पत्र गेले असते तर पुढील मुंजीपर्यंत तिने मला भाऊबीजेला ओवाळले नसते. त्यातच पंगत बसल्यावर मामा जेवायला उठला आणि वहीवर बटूची चुलतबहीण बसली, तेव्हापासून ‘काका’ या शब्दाने कूस बदलली, आणि तिच्या पानावरचा एक ‘काका’ तर मीच निघालो. अखेर हस्ताक्षर कोठे पालटते ती ओळ शोधून, ‘लिहिणाऱ्याचे नाते’ आणि ‘बटूचे नाते’ असे दोन रकाने मी आखले.

रकमांच्या बाबतीत मात्र आपल्या समाजाने हिशेबनिसावर अनंत उपकार करून ठेवले आहेत. आपण पाचशे देत नाही, पाचशे एक देतो; त्यामुळे पानावरची सगळी पाकिटे एकावर संपणारी असतील, तर बेरजेचा शेवटचा अंक हाच पाकिटांच्या संख्येचाही शेवटचा अंक असतो. तिसऱ्या पानावर चौदा पाकिटे होती व खाली मामाने एकूण रु. ७,३६४ लिहिले होते. चौदातला चार बेरजेच्या शेवटी आला, म्हणजे पाकीट एकही गळलेले नव्हते. माझ्या तक्त्यात मात्र ८,१६४ भरले. माझ्याही शेवटी चारच होता, तेव्हा दोष एकंस्थानी नव्हता. फरक बरोबर आठशेंचा. मामाच्या हातचा घाईतला १ आणि ९ हे जुळे भाऊ, आणि एकाला नऊ वाचले की आठाचा फरक पडतो. शतकाच्या जागी वाचले की आठशेंचा. त्या पानावर १,००१ची दोन, ५०१ची सहा, २५१ची पाच आणि उरलेले एक पाकीट १,९०१चे दिसत होते. एक हजार नऊशे एक रुपयांचा आहेर कोणत्याही शुद्ध बुद्धीच्या मनुष्याने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही! ते १,१०१ केले आणि रुजवात झाली.

‘आभार’ या रकान्यात मी खूण न करता तारीख लिहितो, कारण खूण ही बहुधा संकल्पाची असते. आता सर्व ओळींत तारखा पडल्या आहेत; अपवाद पाचव्या पानावरच्या एकाच ओळीचा, जिथे ‘नाव नाही, रु. १०१’ एवढेच लिहिले आहे. पाकिटाचे छायाचित्र पाहताच पत्नीने त्यावरच्या ‘चि. बटूस’ या अक्षरांचे वळण ओळखले. ते अक्षर माझ्याच एका चुलत्यांचे आहे, असे तिचे ठाम मत असून, त्यांच्या मुलाच्या लग्नात आपण १,००१ दिले होते, ही नोंद तिने जुनी वही काढून माझ्यासमोर ठेवली आहे. चुलत्यांना आभाराचे पत्र पाठवावे, असा तिचा आग्रह आहे. त्यात रकमेचा उल्लेख असावा की नसावा, एवढ्यावर आमचे अडले आहे.