किमान चाळीस ताटं

आमचा भाचा डोंबिवलीत केटरिंग करतो. खरं तर भाचेसून करते. कार्डावर नाव तेवढं त्याचं आहे. मागे तो जेवणाच्या ताटाचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "मामा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचंय. खाली मजकूर लिहिलाय, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

ऱ्हस्व-दीर्घ ठीक होतं. बाकी मजकूर असा : 'आपल्या स्वप्नातील वास्तूच्या मंगल प्रसंगी, अन्नपूर्णेच्या कृपाशीर्वादाने, सात्त्विक व रुचकर भोजनाची पर्वणी! माफक दर. अधिक माहितीसाठी संपर्क साधा.' वर गणपती, खाली झेंडू, आणि मध्ये जागा उरली म्हणून दोन हात जोडलेले.

"दर किती?" मी विचारलं.

"तो फोनवर सांगायचा. आधी दर टाकला की गिऱ्हाईक पळतं."

आतून भाचेसून म्हणाली, "पळू दे की. दिवसाला पंधरा फोन मी उचलते. चौदा जणांना दर ऐकून 'घरात विचारून सांगते' म्हणायचं असतं. त्यांना ते फोन न करता म्हणू दे."

मग ती वही घेऊनच बाहेर आली. मला वाटत होतं, या धंद्यात कळीचा आकडा म्हणजे ताटाचा दर. वही उघडल्यावर कळलं की दर हा नुसता नवरदेव. घर चालवणारा आकडा त्याच्या मागे उभा असतो, 'किमान माणसं' नावाचा.

ताटाचा शिधा तिला दीडशेला पडतो : तांदूळ, कणीक, तेल, तूप, भाज्या, दही, गोड. हा माणसागणिक वाढतो, घटतो. पण आचारी अठराशे घेतो, मग जेवणारे वीस असोत की पन्नास. दोन वाढपी, सातशे-सातशे. भांडी घासणाऱ्या बाई सहाशे, टेम्पो जाऊन-येऊन बाराशे, गॅस सातशे. बेरीज ५,७००. टेम्पोवाल्याला 'आज माणसं कमी आहेत, अर्ध्या रस्त्यापर्यंत चल' असं सांगता येत नाही.

ताट ३२० रुपये धरलं आणि माणसं चाळीस, तर हातात १२,८०० येतात, खर्च ११,७००. उरले अकराशे, म्हणजे दोघांच्या दोन दिवसांच्या मेहनतीचं चहापाणी. पन्नास असतील तर २,८०० उरतात. आणि वीस असतील तर पदरचे तेवीसशे घालून लोकांना जेवू घालायचं. त्याला धंदा नाही, अन्नछत्र म्हणतात.

"म्हणून किमान चाळीस," ती म्हणाली. "आणि ते बारीक अक्षरात नाही, दराला चिकटून लिहायचं."

भाच्याने मान डोलावली. लग्नाला बरीच वर्षं झाली की मान आपोआप डोलते.

मग वास्तुशांतीची खासियत निघाली. नव्या फ्लॅटची किल्ली आधी मिळते, पाइपातला गॅस मागाहून येतो. त्यामुळे शेगडी, सिलिंडर, कढई सगळं टेम्पोतून न्यायचं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टपाशी उभे : "सिलिंडर जिन्याने." बाकी स्वयंपाक घरून करून नेता येतो. मसालेभात तर मुरून चांगला लागतो. पण पुरी नाही. तळून डब्यात भरली की आपल्याच वाफेने तासाभरात वातड होते. चाळीस माणसांच्या दोनशे पुऱ्या, म्हणजे साडेतीन किलो कणीक, जागेवरच लाटायची आणि तळायची. तेही घरधनी मागे उभा राहून नव्या रंगाच्या भिंतीकडे बघत असताना. एकांनी म्हणे कढईमागे भिंतीला आपल्या मुलाचा रेनकोट चिकटवला होता. 'गरम पुरी' हे दोन शब्द मजकुरात असतील, तर आचारी आणि त्याचे अठराशे हलत नाहीत.

पुढचा मुद्दा मोजणीचा. हा मी समारंभांत पाहिलाय, अर्थ आता कळला. ताटांच्या चळतीजवळ घरातले एक काका खुर्ची टाकून बसतात. ते कोणाशी बोलत नाहीत, फक्त चळतीकडे बघतात. पलीकडून आमचा भाचाही बघत असतो. केटरर आणलेली ताटं आधी मोजून देतो, शेवटी कोरी उरलेली वजा करतो. पण कोणी मठ्ठा सांडला म्हणून दुसरं ताट घेतलं, की काकांच्या लेखी माणूस एक आणि भाच्याच्या लेखी ताटं दोन. पंक्ती होत्या तेव्हा पाठी मोजल्या की काम भागायचं. बुफेत पाठी फिरत्या असतात.

"लिहा," भाचेसून म्हणाली, "मोजणी ताटांवर. सांडलेलं ताट धरत नाही."

मुलांचाही नियम लागतो. पाच वर्षांखाली ताट नाही, हे ठीक. पण असं सांगायला लागल्यापासून डोंबिवलीतली मुलं पाच वर्षांची होईनाशी झाली आहेत. एक पाच वर्षांचा मुलगा तिने असा पाहिला, ज्याला मिसरूड फुटत होती आणि जो जिलेबीच्या परातीशी तिसऱ्यांदा आला होता.

"गोडाला मर्यादा घालू या का?" भाच्याने विचारलं.

"जिलेबीला नको. लोक मनाने दहा खातात, पोटाने चार. श्रीखंडाला घाल. ते वाटीने जातं आणि शंभर ग्रॅमच्या हिशेबाने आणलेलं असतं. वडी दोन."

अशी काटछाट होत शेवटी मजकूर ठरला :

'वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण, केळवण. ताट ₹३२०, किमान ४० ताटं. ७५च्या वर ₹२९०. जागेवर तळलेली गरम पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, मसालेभात, वरणभात-तूप, मठ्ठा, जिलेबी किंवा श्रीखंड. कोथिंबीर वडी २, श्रीखंड १ वाटी, बाकी पोटभर. नैवेद्य आणि गुरुजींचं पान आमच्याकडून. ५ वर्षांखाली ताट नाही. मोजणी ताटांवर. पक्का आकडा २ दिवस आधी. माणसं कमी असतील तर जेवण घरपोच, ₹२६० : पुरीऐवजी पोळी, वाढपी नाहीत.'

अन्नपूर्णा गेली. झेंडू भाच्याने हट्टाने ठेवला.

पहिला फोन वास्तुशांतीसाठी एका ताईंचा आला. सगळं वाचलेलं होतं, हे विशेष. "आमची अठ्ठावीसच माणसं आहेत हो. चाळीसचे पैसे कशाला? अठ्ठावीसला वाढून द्या ना." वहीप्रमाणे अठ्ठावीस ताटांना ९४० रुपयांचा खड्डा होता. भाचेसुनेने आवाज न चढवता त्यांना घरपोच जेवणावर आणलं : अठ्ठावीस गुणिले दोनशे साठ, ७,२८०. आचारी नाही, ती स्वतः करणार. टेम्पो एकाच खेपेचा. ताई खूश, वही खूश.

फोन ठेवल्यावर तिने आचाऱ्याला फोन लावला. "रविवार धरून ठेवा. अजून नक्की नाही."

मी म्हटलं, "अगं, घरपोच ठरलं ना?"

"बारशाला सांगितलेला आकडा घटतो मामा, बाळ रडतं म्हणून लोक येत नाहीत. वास्तुशांतीला वाढतो. प्रत्येकाला किचनचा प्लॅटफॉर्म केवढा आहे ते बघायचं असतं."

शुक्रवारी सकाळी ताईंचा फोन आला. साहेबांचं अख्खं ऑफिस येतंय आणि मजल्यावरचे शेजारीही, तेव्हा बावन्न धरा, आणि पोळी नको, ती गरम पुरीच करा.