आगाखान पॅलेसमधला तो फोटो

स्लाउ, रविवार

प्रिय ताई,

माझ्या मैत्रिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो तूच काढलास हे फोनवर कळलं, आणि माझा आठवडाभराचा जळफळाट फुकट गेला! मागे आगाखान पॅलेसच्या कमानी, तिरपं ऊन, नवरा हिच्याकडे असा बघतोय की जणू आजच पाहतोय. तो पाहून मी सोफ्यावरच्या आमच्या ध्यानाकडे पाहिलं. ध्यान टाचेला भोक पडलेला मोजा घालून बोर्नव्हिटा पीत होतं.

तू म्हणालीस, ऊन तिरपं होईपर्यंत सगळ्यांना हिरवळीवर ताटकळत बसवलं होतं. मग शाळेची सहल फ्रेमबाहेर जायची वाट पाहिली. फोनचं बटण दाबून धरून पन्नास फोटो काढले, त्यातला एक ठेवला, उरलेल्यांत तिचा नवरा डोळे मिटलेला किंवा वैतागलेला. आणि ज्या वास्तूत कस्तुरबा नजरकैदेत होत्या, जिथे त्या २२ फेब्रुवारी १९४४ला गेल्या, तिथेच 'जरा रोमँटिक बघा ना' असं दटावणं चालू होतं म्हणे.

पोट धरून हसले. पण ताई, खरं सांगू? दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने नवा फोटो टाकला आणि पोटात पुन्हा तेच. फोटो कसा काढतात हे कळल्याने आग विझत नाही. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की, मोजायला पक्कं माप नसेल तर माणूस आपल्यासारख्याच माणसांशी स्वतःला ताडून पाहतो. म्हणून दीपिका-रणवीरचे इटलीतले फोटो पाहून मला काहीच होत नाही. होस्टेलला माझ्याच बादलीने अंघोळ करणारीचा फोटो मात्र झोंबतो. आणखी एक गंमत: २०१४च्या एका अभ्यासात दिसलं की, जोडीदाराच्या प्रेमाबद्दल ज्या दिवशी जास्त धाकधूक वाटते, त्या दिवशी लोक फेसबुकवर आपलं नातं जास्त मिरवतात. आता प्रत्येक गोड फोटोमागे भांडणच असतं असं नाही हं! तसं धरलं तर तीही तुलनाच, फक्त आपण वरचढ.

मी दोनच गोष्टी केल्या. इन्स्टाग्रामवर तिला म्यूट केलं. मैत्री शाबूत राहते आणि तिला कळतही नाही. मग स्वतःला विचारलं, त्या फोटोतलं नेमकं काय हवंय? पोझ नको होती, कमान नको होती. आमच्या ध्यानाने बाहेर जाऊ या म्हणावं, एवढंच हवं होतं. ते फोटोला कसं कळणार? म्हणून सरळ त्यालाच सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "चल, पण छत्री घे." थेम्सकाठी भिजत भिजत फिरलो. फोटो काढला नाही, कारण छत्री मीच धरली होती.

येरवड्याहून इकडे येणाऱ्याच्या हाती गोडा मसाला पाठव. आणि ती पुन्हा पॅलेसला आलीच, तर फोटो काढून दे, पण मला फॉरवर्ड करू नकोस.

तुझी,
धाकटी