'किरकोळ सुधारणा' करणाऱ्या लिफ्ट कंपनीच्या विक्री व्यवस्थापकांस खुले पत्र

महोदय,

नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या दोन लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार तुम्ही सहीसाठी पाठवलात. सोबत लिहिलंत, 'ठरल्याप्रमाणेच आहे, भाषेच्या दोन-चार किरकोळ सुधारणा केल्या आहेत.' त्या सुधारणा एकेक करून मोजल्या आहेत. आमच्या सभासदांना आणि इतर सोसायट्यांच्या कमिट्यांनाही त्या कळाव्यात, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो. करार इंग्रजीत आहे; कलमं इथे मराठीत देतो.

आधी तुमच्या हाताची सफाई सांगतो. पहिला मसुदा तुम्ही वर्डमध्ये पाठवला होतात आणि त्यात आपण दोघांनी केलेले बदल रंगात दिसत होते. अंतिम मसुदा मात्र स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ होऊन आला. पानं तेवढीच, अक्षर तेच, आणि रंग कुठेच नाही. वाचणारा सवयीने पहिलं पान, दर आणि सहीचं पान बघतो. तुम्ही या तिन्ही ठिकाणी काहीच बदललं नव्हतं.

तुमची चूक बाराव्या कलमात सापडली. १२.१ मध्ये 'कलम ९.३ नुसार' असं लिहिलंय, पण नव्या मसुद्यात कलम ९.३ नाहीच. नववं कलम ९.२ वर संपतं. करारातला संदर्भ असा लोंबकळत राहिला, की मधून काहीतरी काढलं गेलंय हे नक्की समजावं.

मग आम्ही दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवले. स्कॅनमधली अक्षरं ओळखून घेऊन वर्डच्या `Review` मधल्या `Compare` ने तुलना केली. पण स्कॅनवरून अक्षरं ओळखताना आकडे आणि विरामचिन्हं चुकतात, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. एकाने जुना मसुदा स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचला आणि दुसऱ्याने नव्यावर बोट ठेवून तो ताडला. सापडलेला प्रत्येक फरक तक्त्यात लिहिला: कलम, जुने शब्द, नवे शब्द, परिणाम. बरेच फरक खरोखरच शुद्धलेखनाचे निघाले. तीन मात्र तसे नव्हते.

पहिला बदल व्याख्येत आहे. कलम ४.१ दोन्ही मसुद्यांत अक्षरशः सारखं आहे: 'उपभोग्य वस्तू वगळता सर्व सुटे भाग कंपनी विनामूल्य बदलून देईल.' म्हणूनच आम्ही सर्वसमावेशक करार घेतला, दोन लिफ्टचे मिळून वर्षाला १,८०,००० रुपये आणि वर जीएसटी कबूल केला. पण 'उपभोग्य वस्तू' म्हणजे काय, ते कलम १.६ ठरवतं. जुन्यात तिथे होतं, 'बल्ब, तेल आणि ग्रीस'. नव्यात आहे, 'बल्ब, तेल, ग्रीस आणि वापराने झिजणारा कोणताही भाग'. लिफ्टमध्ये वापराने न झिजणारं काय असतं, ते तुम्हीच सांगा. लोखंडी दोर झिजतात, ब्रेकचे लायनर झिजतात, दरवाजाचे रोलर झिजतात. खर्च याच भागांवर येतो. तुम्ही ४.१ ला हातही लावला नाहीत आणि ते पोकळ केलंत. आम्ही पैसे सर्वसमावेशक कराराचे मोजायचे आणि मिळवायची फक्त तेलपाण्याची सेवा.

दुसरा बदल मोजक्या शब्दांचा आहे. जुन्या कलम ६.२ मध्ये होतं, 'तक्रार नोंदवल्यापासून २४ तासांत लिफ्ट पुन्हा चालू केली जाईल. उशीर झाल्यास प्रत्येक लिफ्टमागे दिवसाला १,००० रुपये वजावट.' नव्यात 'लिफ्ट पुन्हा चालू केली जाईल' याच्या जागी 'प्रतिसाद दिला जाईल' आलं. २४ तास तसेच आहेत आणि १,००० रुपयेही तसेच आहेत. समजा, एक लिफ्ट सहा दिवस बंद राहिली. जुन्या मसुद्याप्रमाणे पहिला दिवस सोडून पाच दिवसांचे ५,००० रुपये तुमच्या बिलातून वजा होतात. नव्याप्रमाणे तुमचा तंत्रज्ञ तीन तासांत आला, पाहिलं, 'पार्ट मागवावा लागेल' म्हणाला आणि गेला, की प्रतिसाद पूर्ण झाला, वजावट शून्य. सातव्या मजल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी राहतात. त्यांना तुमचा प्रतिसाद नको, लिफ्ट हवी आहे.

तिसरा बदल म्हणजे ते नाहीसं झालेलं वाक्य. कलम ९.१ म्हणतं, 'कंपनीची एकूण जबाबदारी तीन महिन्यांच्या शुल्काइतकी मर्यादित राहील.' आमच्या हिशेबाने ती ४५,००० रुपये होते. त्याखाली जुन्यात ९.२ होतं: 'कंपनीच्या निष्काळजीपणामुळे इजा किंवा मृत्यू झाल्यास ही मर्यादा लागू नाही.' ते वाक्य तुम्ही काढलंत, आणि त्यामुळेच ९.३ चं ९.२ झालं. जखमी माणूस या कराराचा पक्षकार नाही, त्यामुळे ही मर्यादा त्याला बांधत नाही. तो तुमच्याकडे आणि सोसायटीकडेही भरपाई मागू शकेल. पण सोसायटीला भरपाई द्यावी लागली आणि चूक तुमच्या ब्रेक तपासणीची निघाली, तर तुमच्याकडून वसूल होणार ४५,००० रुपये. बाकीचं ओझं सभासदांवर. हा बदल सर्वात गंभीर, आणि कागदावर सर्वात कमी दिसणारा, कारण वाढलेले शब्द नजरेला अडतात, गेलेले अडत नाहीत.

हे सही केल्यावर लक्षात आलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, 'सही करण्याआधी वाचायला हवं होतं.' कायद्यात त्याला आधारही आहे, म्हणून त्याचंही उत्तर देतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे फसवून संमती घेतली असेल, तर करार रद्द करता येतो. पण त्यालाच अपवाद जोडलेला आहे: संमती चुकीच्या निवेदनाने किंवा लबाडीच्या मौनाने घेतली असली, तरी साधी काळजी घेऊन खरं कळण्यासारखं असेल, तर करार रद्द करता येत नाही. दोन्ही मसुदे आमच्याच कपाटात होते. न ताडता सही केली असती, तर हाच अपवाद तुमच्या वकिलाने आमच्यासमोर धरला असता. म्हणून अंतिम मसुद्याची जुन्याशी तुलना ज्याला सही करायची त्यानेच करायची. समोरच्याने रंगवून दिलेल्या बदलांवरही विसंबायचं नाही, कारण रंग बंद करून केलेला बदल त्यात दिसत नाही.

तुम्हाला दर परवडत नसेल, तर तसं सांगायचं होतं. दोर सोसायटीच्या खर्चाने बदलायचे आणि शुल्क कमी करायचं, हा प्रस्ताव उघडपणे आला असता तर सर्वसाधारण सभेपुढे ठेवला असता. भरपाईची मर्यादाही वाटाघाटीत मागता येते. ती मागणं तुमचा हक्क आहे. न मागता गुपचूप घेणं, हा हक्क नाही.

आता आमचं म्हणणं. १.६, ६.२ आणि ९.२ जुन्या शब्दांत परत आणा. मसुदा वर्डमध्ये पाठवा. सोबत तुमच्या सहीचं एक पान जोडा: 'जोडलेल्या तक्त्यातल्या बदलांव्यतिरिक्त पहिल्या मसुद्यात काहीही बदललेलं नाही.' तुमच्या सुधारणा किरकोळ असतील, तर त्या पानावर सही करायला तुम्हाला अडचण नाही. सही येणार नसेल, तर देखभालीसाठी दुसऱ्या परवानाधारक कंपनीकडून दर मागवायचा ठराव कमिटीने केला आहे.

आपला,
नेरुळमधल्या एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव