पेढे आणि पायऱ्या

दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो आणि संध्याकाळपर्यंत साताऱ्यात पोवई नाक्यावर, सांगलीत विश्रामबागेत फ्लेक्स झळकतात. वर साहेब, त्याखाली दादा, शुभेच्छुकांची रांग; उत्तीर्ण पोरगं कोपऱ्यात, तिकिटाएवढं. घरी कंदी पेढे, आणि प्रत्येक पेढ्यामागे एकच प्रश्न, "आता सायन्सच ना?"

शेजारच्या गल्लीत गणितात तेहतीस पडलेत. तिथे पेढे नाहीत, पण माणसं जास्त. मामा सचिनचं उदाहरण देतात, काकू "अपयश ही यशाची पहिली पायरी" म्हणतात. पायऱ्या इतक्या होतात की अजिंक्यतारा चढून व्हावा. जाता जाता "नक्की किती कमी पडले?" हेही विचारून घेतात.

एवढ्या गर्दीत कामाचं कुणीच बोलत नाही. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, जो विषय गेला तेवढाच द्यायचा, अर्ज शाळेतूनच भरायचा, मुदत थोडी असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीही मिळते. हे शेवटी शाळेच्या क्लार्कनं सांगितलं, तेही "फोटो आणलाय का?" असं खेकसत. दिवसभरातलं तेवढंच खरं सांत्वन!